ध्वजस्तंभापाशी गणित

शाळेच्या आवारात गणिताची वाट आखावयाची झाल्यास पहिला मुक्काम ध्वजस्तंभापाशी ठेवावा, असे माझे मत आहे. प्रथम मुलांनी स्तंभाच्या उंचीचा अंदाज वहीत नमूद करावा आणि तो मागाहून खोडू नये, अशी सक्त ताकीद द्यावी. मग एक मीटरची काठी लंबरूप उभी करून तिची छाया 80 सेंटीमीटर व त्याच वेळी स्तंभाची 4.8 मीटर भरली, तर उंची 6 मीटर ठरते. मात्र छाया स्तंभाच्या मुळाऐवजी चौथऱ्याच्या कडेपासून मोजली, तर उत्तर हटकून कमी येते. चौथऱ्यावर चौरस फरशा असतील, तर मधल्या फरशीभोवतीच्या वलयांत 8, 16, 24 अशा फरशा आढळतात. पाचव्या वलयातील संख्या न मोजता विचारावी. ढगाळ दिवशी एवढेच काम द्यावे.