रिले थंड झाला आणि मोटर फिरली

डाळ मिलमध्ये तूर वरच्या मजल्यावर नेणारा एलिव्हेटर असतो. उभ्या पट्ट्यावरच्या बादल्या खालच्या पेटीतून दाणे उचलतात आणि वर नेऊन ओततात. कधी पेटीत माल तुंबतो, बादल्या अडकतात आणि मोटर जास्त करंट ओढू लागते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले तापतो, त्याच्या आतली दुहेरी धातूची पट्टी वाकते, रिले ट्रिप होतो आणि कॉन्टॅक्टर खटकन सुटतो. मोटर वाचते. कामगार पेटीचं झाकण उघडतो आणि हाताने तूर उपसायला बसतो.

खरा धोका इथून पुढे आहे. ती पट्टी आता थंड होत असते. काही मिनिटांत ती सरळ होते. रिलेवरची निवड ‘ऑटो’वर असेल तर त्याचा संपर्क आपोआप जुळतो. पॅनेलवर मोटरसाठी नुसता चालू-बंदचा फिरता स्विच असेल आणि तो ‘चालू’वरच राहिला असेल, तर कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो. हात पेटीत असतो आणि बादल्या फिरू लागतात. अशी जोडणी मी पाहिली आहे. पॅनेल बनवणाऱ्याने ‘ऑटो’ ठेवलं होतं ते मालकाची सोय म्हणून, दर वेळी कुणाला पॅनेलपर्यंत धावावं लागू नये म्हणून. शेतातल्या पंपाला लाइट आली की पंप सुरू करणारा ऑटो स्विच लावतात, त्याच सवयीतून हे इथे आलं.

उपाय म्हणजे बिघाड लक्षात ठेवणं. रिले थंड झाला तरी ‘ट्रिप झाला होता’ ही नोंद यंत्रणेने धरून ठेवायची, माणूस येऊन पुसेपर्यंत. याला बिघाड लॅच करणं म्हणतात. पीएलसी असेल तर दोन ओळींत होतं:

```
Fault := NOT OL_OK OR (Fault AND NOT ResetPulse);
Run := (StartPulse OR Run) AND Stop_OK AND NOT Fault;
```

पहिल्या ओळीत `NOT OL_OK` कंसाबाहेर एकटं उभं आहे. रीसेटचा हात तिथवर पोचत नाही. रिले ट्रिप अवस्थेत असताना कुणी कितीही रीसेट दाबलं तरी बिघाड कायम राहतो, रिलेची वायर तुटली तरीही बिघाडच दिसतो. दुसऱ्या ओळीत उलट आहे: थांबवणारी गोष्ट सगळ्या कंसावर भारी पडते. बिघाडाच्या नोंदीत सेट वरचढ हवा, मोटर चालवण्याच्या नोंदीत रीसेट. तयार ब्लॉक वापरणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. IEC 61131-3 या मानकात `SR` म्हणजे सेट वरचढ, तर सिमेन्सच्या काही सॉफ्टवेअरमध्ये `SR` मध्ये रीसेट वरचढ असतो. म्हणून नावावर विसंबू नये. पिनेच्या नावापुढे १ असेल तर तीच वरचढ: `S1` म्हणजे सेट, `R1` म्हणजे रीसेट.

दोन्ही बटणांचा फक्त दाबल्याचा क्षण घेतला आहे, तेही मुद्दाम. नाहीतर रीसेटचं बटण काडी खोचून दाबून ठेवलेलं असेल तर पट्टी थंड होताच बिघाड आपोआप पुसला जाईल. स्टार्टचं बटण अडकलं असेल तर रीसेट दाबणाराच नकळत मोटर सुरू करेल. रीसेटने फक्त परवानगी मिळायला हवी, सुरू करायला स्टार्ट वेगळं दाबावंच लागायला हवं.

पोच देण्याचं बटण, म्हणजे ॲक्नॉलेज, हे आणखी वेगळं. त्याने हूटर बंद होतो आणि लुकलुकणारा लाल दिवा स्थिर होतो, इतकंच. पैसे वाचवायला पोच आणि रीसेट एकाच बटणावर दिले तर रात्रपाळीचा माणूस हूटरला कंटाळून ते दाबतो, रिले तोवर थंड झालेला असतो, आणि तुंबल्याची नोंद कारण न बघताच पुसली जाते. पुढचा माणूस स्टार्ट दाबतो. पेटी अजून भरलेलीच असते, किंवा तिथे कुणी बसलेलं असतं.

पॅनेल ताब्यात घेताना, झाकणं लावून आणि माणसं दूर ठेवून, तीन गोष्टी करून बघाव्यात. रीसेट दाबून धरून रिलेवरचं टेस्टचं बटण दाबा: बिघाड दिसलाच पाहिजे. रीसेट तसंच धरून रिले पूर्ववत करा: बिघाड गेला तर चूक आहे. शेवटी बिघाड असताना मेन स्विच बंद करून चालू करा. नोंद टिकली पाहिजे, त्यासाठी `Fault` वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत आणि `Run` न टिकणाऱ्या मेमरीत ठेवावा लागतो.

हे सगळं जमलं तरी कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले तर कुठलीही लॅच मोटर थांबवत नाही. म्हणून पेटीत हात घालण्याआधी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावायचं, आणि किल्ली हात घालणाऱ्याच्या खिशात.