मामाची वही आणि माझी एक्सेल शीट

रविवारची रात्र, साडेनऊची वेळ. उद्याच्या मंडे मीटिंगचं टेन्शन विसरून आपण सोफ्यावर मस्त पसरलेलो असतो, आणि तेवढ्यात मोबाइल वाजतो. माझ्या मोबाइलवर त्या रात्री मामीचे तीन फोटो आले. ट्यूबलाइटखाली काढलेले, एका कोपऱ्यात अंगठ्याची सावली. फोटोत मामाची उभी वही होती, म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या किराणा दुकानाची शिल्लक यादी. खाली मामीचा मेसेज : ‘मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या. ऑर्डर तू काढून दे. टेम्पो मंगळवारी येतो.’

दिवसभर ऑफिसात एमआयएस रिपोर्ट बनवणाऱ्या मुलीला हे काय अवघड? टाइप करायचं, बेरीज मारायची, झालं. असं मला वाटलं खरं!

पहिली गोची फोटोचीच. मामीला फोन करून सांगितलं, की वही टेबलावर सपाट ठेव, मोबाइल बरोबर वर धर, एका फोटोत एकच पान घे आणि व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो पाठवताना लहान होतो आणि पेन्सिलीने लिहिलेलं आणखी पुसट दिसतं. नवे फोटो आले. मी ओळी मोजल्या, त्रेचाळीस. शीटमध्येही त्रेचाळीसच व्हायला हव्यात, एवढं मनाशी पक्कं केलं.

मग रकाने पाडले. पहिल्या रकान्यात वहीत जसं आहे तसंच उतरवायचं, अक्कल न लावता. आपण काय समजलो ते पुढच्या रकान्यात, साध्या इंग्रजी आकड्यांत आणि एकाच मापात. म्हणजे किलोने विकायची वस्तू किलोत, पुड्याने विकायची पुड्यांत. हे दोन रकाने वेगळे ठेवले म्हणून त्या रात्री मी वाचले. चूक सापडली तेव्हा मूळ काय होतं ते समोरच होतं.

कारण मामाची लिपी! त्याचा १ आणि ९ सख्खे जुळे. ‘जाडे पोहे’ पुढे मी ९ पुडे वाचले. पण मागच्या रविवारच्या यादीत ४ होते आणि मधल्या आठवड्यात पोहे आलेच नव्हते. माल आला नाही आणि शिल्लक वाढली, असं होतच नाही. म्हणजे तो १. ही तपासणी फुकटची आहे. विक्री उणे निघाली, की वाचण्यात गडबड आहे असं खुशाल समजावं.

विक्री कुठून आली म्हणाल, तर तीच सगळ्या खेळाची चावी आहे. शिल्लक यादी फक्त काय उरलंय ते सांगते. किती मागवायचं ते सांगत नाही. म्हणून मामीकडून मागच्या रविवारचं पान आणि मंगळवारच्या मालाचं बिलही मागवलं. मागची शिल्लक, त्यात आलेला माल मिळवायचा, आजची शिल्लक वजा करायची. आठवड्याची विक्री मिळते. तिला सातने भागलं की रोजची.

आता किती दिवसांचं बघायचं? टेम्पो दर मंगळवारी. आज मागवलेला माल परवा येणार आणि तो त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत पुरायला हवा. म्हणजे आजपासून नऊ दिवस. टेम्पोला उशीर झाला तर हाताशी असावेत म्हणून वर दोन. एकूण अकरा. शेवटी घाऊक दुकानदार सुटं देत नाही, म्हणून आकडा अख्ख्या गोणीवर न्यायचा. E मध्ये शिल्लक, F मध्ये रोजची विक्री, G मध्ये गोणीचं वजन :

```
=CEILING(MAX(0,F2*11-E2),G2)
```

मी खूश. साखरेच्या ओळीवर नजर टाकली, तर ऑर्डर शून्य. मामाच्या दुकानात साखर शून्य? दर बिलात एक-दोन गोण्या तर असतातच. मामीला फोन.

‘मामी, साखर एकशे अकरा किलो आहे ना?’

‘अगं, कुठली एकशे अकरा? दीड गोणी आहे!’

वहीत होतं ‘१॥’. एकाच्या पुढे दोन दांड्या म्हणजे अर्धा. एक दांडी म्हणजे पाव, आणि ॥। म्हणजे पाऊण. आमच्या आजोबांच्या पिढीची ही पद्धत मामाने सोडलेली नाही, आणि मी तिचे सरळ तीन एक केले होते. दीड गोणी म्हणजे ७५ किलो.

गंमत म्हणजे ही चूक एकदाच चावत नाही. मागच्या रविवारी अडीच गोणी होती, म्हणजे १२५ किलो. मंगळवारी एक गोणी आली, ५० किलो. शिल्लक १११ धरली तर विक्री ६४ किलो दिसते, रोजची नऊच्या आसपास. अकरा दिवसांना शंभरेक किलो लागणार आणि शिल्लक त्याहून जास्त, म्हणून शून्य. शिल्लक फुगली आणि विक्री आकसली, दोन्ही बाजूंनी फसगत. खरी शिल्लक घातल्यावर विक्री १०० किलो, रोजची सव्वाचौदा. अकरा दिवसांना १५७ लागतात, ७५ आहेत, कमी पडतात ८२. म्हणजे दोन गोण्या. शून्य पाठवलं असतं, तर शनिवारी सकाळीच साखर संपली असती आणि मामी गिऱ्हाइकांना परत पाठवत बसली असती.

बारीक रव्याने आणखी वेगळा धडा दिला. मागे ४ किलो, नवीन आला नाही, आज शून्य. गणित म्हणतं, आठवड्याला चारच किलो खपतो, सहा-सात मागवा पुरे. पण मामी म्हणाली, रवा मंगळवारीच संपला. म्हणजे दोन दिवसांत चार किलो, रोजचे दोन! अकरा दिवसांना २२ हवेत. रिकामी बरणी विक्री दाखवत नाही. म्हणून शिल्लक शून्य असेल तिथे माल कधी संपला, हे विचारल्याशिवाय आकडा धरायचा नाही. आणि यादीत नावच नाही म्हणजे वस्तू शून्य, असंही नाही. मामी वरच्या फळीवरचा गूळ लिहायलाच विसरली होती.

साडेअकराला शीट तयार झाली. ‘कोणाकडून’ हा रकाना घालून दुकानदाराप्रमाणे ओळी लावल्या आणि किलो काढून गोण्या-पुडे केले, कारण पलीकडे वाचणाऱ्याला तेच कळतं. फोनवर मामीला एकेक ओळ वाचून दाखवली. मागून मामाचा आवाज आला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तरी झोपावं की नाही माणसाने!

‘साबुदाणा किती लिहिलास गं?’

‘पाच किलो, मामा. मागच्या आठवड्यावरून तेवढाच निघतो.’

‘आणि एकादशी कोण बघणार? पुढच्या सोमवारी आहे. अर्धी गोणी सांग.’

मी शीटमध्ये एक रकाना वाढवला, त्याला नाव दिलं ‘मामा’. त्यात २५ लिहिले आणि ऑर्डर पाठवून दिली.