गोल्फ एकाचं, सुट्टी दोघांची

घरात एकाला गोल्फचं वेड आणि दुसऱ्याला त्यात काडीचाही रस नाही? मग स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा विचार करा. इथलं प्रसिद्ध मैदान, ‘ओल्ड कोर्स’, गावाला अगदी लागून आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडा. 18 होल्स खेळायला चार तासांहून जास्त लागतात. तयारी आणि नंतरच्या गप्पा धरल्या तर सहा तास गेलेच! तेवढ्यात जोडीदाराला बसने अँस्ट्रदर या कोळ्यांच्या गावी जाता येतं. तिथलं मासेमारीचं संग्रहालय पाहावं, बंदरावर फिश अँड चिप्स खावेत आणि परतावं.

खरी अडचण वेगळीच आहे. ओल्ड कोर्सवर खेळायची वेळ बरेचदा सोडतीने मिळते आणि निकाल खेळाच्या दोन दिवस आधी कळतो. या सोडतीत किमान दोन खेळाडू लागतात. एकट्यासाठी वेगळी सोडत असते. म्हणून जोडीदाराचे बेत ठरावीक तारखेला बांधू नका. गावातल्याच दुसऱ्या कोर्सवर एक फेरी मात्र आधी बुक करा, म्हणजे सोडत हुकली तरी सहल वाया जाणार नाही.

मुक्कामात रविवार हवाच. मोठ्या स्पर्धा वगळता त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि मैदान सर्वांना फिरायला खुलं असतं. स्विल्कन पुलावर दोघांचा फोटो काढा, मग शेजारच्या वेस्ट सँड्स किनाऱ्यावर चालत जा. तो दिवस दोघांचा!