चित्र बदललं, पण ऐकू काय येतं?

दिवाळी अंकाच्या नोंदणीचा बॅनर समजा एका प्रकाशकाच्या वेबसाइटवर झळकतोय. मुखपृष्ठाचं चित्र, त्यावर ४०० रुपयांवर तांबडी काट, खाली ठसठशीत ३२० आणि शेवटी ‘नोंदणी ३१ ऑगस्टपर्यंत’. ही सगळी अक्षरं चित्रातच मुरलेली आहेत. डोळ्यांना ती अक्षरं दिसतात, संगणकाच्या लेखी ते नुसते रंगाचे ठिपके. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ते ठिपके वाचत नाही. चित्रासोबत लिहिलेला पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, तो वाचून दाखवतो:

```html
<img src="ank-31aug.jpg"
 alt="दिवाळी अंक, सवलतीत ३२० रुपये.
 नोंदणी ३१ ऑगस्टपर्यंत.">
```

ऑगस्ट संपत आला, नोंदणी कमी झाली, मुदत वाढवायचं ठरलं. डिझायनरने चित्रात ‘मुदतवाढ! १५ सप्टेंबरपर्यंत’ असं टाकलं, ३२०चे ३४० केले. वेबसाइट सांभाळणाऱ्याने नवी फाइल जुन्या जागी चढवली. पान उघडून पाहिलं तर सगळं झकास. ऑल्ट मात्र जुनाच राहिला, आणि पडद्यावर तो दिसत नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही आला नाही. १ सप्टेंबरला स्क्रीन रीडरवर हे पान ऐकणाऱ्याला वाटणार, मुदत टळून गेली. ऑल्ट मुळीच नसता तर काहीतरी सुटलंय हे त्याला निदान कळलं असतं. इथे त्याला चुकीची माहिती खात्रीच्या सुरात मिळते.

आता नवा मजकूर. जुन्या वाक्यातली तारीख आणि आकडा बदलून भागत नाही, कारण चित्रात जे रंगाने आणि रेघेने सांगितलंय ते ऑल्टमध्ये शब्दांनीच सांगावं लागतं. तिथे ठळक अक्षर नाही, काट नाही. ‘४०० ३४०’ असं नुसतं लिहिलं तर ऐकणाऱ्याला यातली खरी किंमत कोणती ते कळणार नाही. तांबड्या काटेचा अर्थ ‘मूळ किंमत’ असा लिहावा लागतो. शिवाय हा बॅनर दाबला की नोंदणीचा अर्ज उघडतो. चित्र हीच लिंक असेल तर ती कुठे नेते हेही त्याच वाक्यात यायला हवं.

```html
<a href="/nondani"><img src="ank-15sep.jpg"
 alt="दिवाळी अंक: मुदतवाढ, १५ सप्टेंबरपर्यंत.
 मूळ किंमत ४०० रुपये, सवलतीत ३४०.
 नोंदणी करा."></a>
```

‘याचे चित्र’ अशी सुरुवात नको. हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. मुखपृष्ठावरच्या पणत्यांचं वर्णनही मी इथे करणार नाही. या बॅनरचं काम तारीख आणि किंमत सांगण्याचं आहे.

मराठीत यापुढे एक खास खोडा आहे. बरेच डिझायनर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. त्या फाँटमध्ये अक्षराचा आकार मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं. डिझायनरच्या फाइलमधला मजकूर उचलून ऑल्टमध्ये चिकटवला, की स्क्रीन रीडर अगम्य रोमन अक्षरं बडबडू लागतो. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा, आणि तोही चित्र समोर ठेवून. ईमेलमध्ये आलेल्या मसुद्यावर विसंबू नये. शेवटच्या घाईत डिझायनरने काय बदललं ते फक्त चित्रालाच ठाऊक असतं.

वर्डप्रेसवाल्यांची फसगत आणखी वेगळी. मीडिया लायब्ररीत ऑल्ट दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त झाला, असं वाटतं. तसं होत नाही. लेखात चित्र घालताना ऑल्टची एक प्रत त्या लेखात उतरते आणि तीच तिथे राहते. आधी लावलेल्या प्रत्येक पानात जाऊन ती हातानेच बदलावी लागते.

तपासायला सोपा उपाय म्हणजे पानाचा सोर्स उघडायचा (विंडोजवर `Ctrl+U`) आणि ‘३१ ऑगस्ट’ शोधायचं. आकडे `31` असेही लिहिलेले असू शकतात, म्हणून दोन्ही शोधावेत. कधी `og:image:alt` या ओळीत, म्हणजे लिंक शेअर करताना सोबत जाणाऱ्या चित्राच्या वर्णनात, जुनी तारीख दडलेली सापडते. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करून `G` दाबायचं. तो एकेका चित्रावर उडी मारत ऑल्ट ऐकवतो. आवाज मराठी निवडलेला असू द्या.

मोबाइलसाठी बॅनरची निराळी, आटोपशीर आवृत्ती असेल तर तीही उघडून पाहावी. `picture` वापरून दोन चित्रं दिलेली असली तरी ऑल्ट दोघांना मिळून एकच असतो. मोठ्या चित्रावर १५ सप्टेंबर आणि छोट्यावर अजून ३१ ऑगस्ट असेल, तर तो ऑल्ट कितीही नीट लिहिला तरी एका चित्राशी जुळणार नाही. अशा वेळी आधी डिझायनरला फोन करायचा.