आई-बाबा राहायला येणार, पण करारात चारच माणसं

पुण्यात बाणेरला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतलेलं एक कुटुंब आहे असं धरू. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. करार जूनमध्ये झाला, अकरा महिन्यांचा. त्यातलं एक कलम असं: ‘सदर जागेचा वापर लायसेन्सी व त्याचे कुटुंबीय, जास्तीत जास्त चार व्यक्ती, यांनी फक्त राहण्यासाठी करावा. घरमालकाच्या पूर्वलेखी संमतीशिवाय अन्य कोणासही जागेत ठेवू नये.’ सही करताना हे कलम कोणी वाचलं नाही, कारण घरात माणसं तीनच होती. ऑक्टोबरमध्ये लातूरला वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांना जिना चढवेना, आईला एकटीला सगळं झेपेना. दोघांना पुण्याला आणायचं तर माणसं होतात पाच.

अशा वेळी बहुतेक जण घरमालकाला फोन करतात. घरमालकही अनेकदा भला असतो. ‘अहो, आई-वडील आहेत तुमचे, आणा की’, असं म्हणतो आणि विषय संपतो. खरा धोका इथूनच सुरू होतो. पुढे मालकाचं मन बदललं, फ्लॅट विकला गेला किंवा मालकाचा मुलगा कारभार पाहू लागला, तर त्या फोनवरच्या ‘आणा की’ला फार थोडी किंमत उरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार घरभाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. पुराव्याचा कायदा असं सांगतो की, जो करार लेखीच असावा लागतो किंवा ज्याची नोंदणी झालेली आहे, त्यातली अट नंतर तोंडी बोलून बदलली, असं सांगून ते सिद्ध करता येत नाही. जुन्या 1872 च्या कायद्यात हे कलम 92 मध्ये होतं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते जवळपास जसंच्या तसं आहे. म्हणजे चार माणसांची अट कागदावर असेल, तर पाचव्या आणि सहाव्या माणसाची परवानगीही कागदावरच हवी.

वरच्या कलमात ‘पूर्वलेखी संमतीशिवाय’ हे शब्द आहेत, ही भाडेकरूच्या सोयीची गोष्ट आहे. त्यामुळे करार बदलावा लागत नाही. करारानेच ठेवलेल्या दारातून आत जायचं असतं आणि त्यासाठी एक पत्र व त्यावर मालकाची सही पुरते. काही करारांत मात्र नुसतंच ‘चार व्यक्तींपेक्षा जास्त राहू नयेत’ असं लिहिलेलं असतं, संमतीचा उल्लेखच नसतो. तिथे पत्र पुरेसं आहे, असं मानू नये. एजंटाकडून पुरवणी करार करून त्याची नोंदणी करून घेणं अधिक सुरक्षित. आपलं कलम कोणत्या जातीचं आहे, हे पत्राला बसण्याआधी बघायचं.

कायदा भाडेकरूच्या बाजूने काही बोलतो का? काही लोक ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याकडे बोट दाखवतात. तो कायदा आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो. मुलाच्या घरमालकाने त्यांना जागा द्यावी, असं तो सांगत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा कायदा वेगळा आहे. तिथे भाडेकराराने राहण्याचा हक्क एकट्या भाडेकरूपुरता ठेवला असला, तरी त्याच्या जवळच्या कुटुंबीयांनी सोबत राहण्याची मुभा करारात आहे असंच कायदा मानतो. अतिगर्दीविरुद्धचे नियम तेवढे पाळावे लागतात. महाराष्ट्रातल्या लायसेन्सीला असं कवच नाही. इथे घरमालक ‘नाही’ म्हणू शकतो आणि म्हणूनच पत्र त्याचं मन वळवणारं असावं लागतं.

मन वळवायचं तर मालकाला भीती कसली वाटते, ते ओळखावं लागतं. म्हाताऱ्या माणसांविषयी राग असणारे मालक थोडेच. त्यांना जागेची काळजी असते. आजारी वडील घरात असताना करार संपला, तर ही मंडळी घर सोडतील का? ‘आता यांना कुठे नेऊ’ असं म्हणून बसतील का? वयस्क माणसांच्या आधारवर, बँकेच्या पासबुकावर आपल्या फ्लॅटचा पत्ता चढला, तर उद्या त्यांचा काही हक्क लागेल का? ही खरी भीती आहे आणि पत्रात तिला उत्तर द्यावंच लागतं.

उत्तर कायद्यातच आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला जागेत हितसंबंध मिळत नाही, फक्त वापरण्याची मुभा मिळते. मुलाला जे मिळालेलं नाही, ते त्याच्या मार्फत आलेल्या आई-वडिलांनाही मिळत नाही. शिवाय भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 घरमालकाच्या हातात आहे. मुदत संपल्यावर राहण्याची जागा परत मिळवण्यासाठी त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. जागा न सोडणाऱ्याला मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भाडेकरूने हे आपणहून मान्य केलं, की मालकाचा अर्धा विरोध गळून पडतो.

दुसरी काळजी सोसायटीची. ‘माणसं वाढली की कमिटी ओरडते, पाणी पुरत नाही’, असं मालक म्हणतो. बाणेर, वाघोली, हिंजवडी या भागांत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत, त्यामुळे हे म्हणणं उडवून लावता येत नाही. मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याची आकारणी फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर होते, माणसांच्या डोक्यांवर नाही. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, त्यालाही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. घरात पाच माणसं राहिली म्हणून तो वाढत नाही. भाडेकरूने हे मालकाला सांगायला हरकत नाही, पण वाद घालण्याच्या सुरात नव्हे.

असं पत्र एका पानाचं असावं. त्याचा नमुना:

‘मा. श्री. … यांस,
स. न. वि. वि.
आपल्या बाणेर येथील फ्लॅटमध्ये आम्ही 1 जूनपासून नोंदणीकृत करारानुसार राहत आहोत. सध्या घरात मी, पत्नी व मुलगी असे तिघे आहोत. करारातील कलम 7 नुसार चार व्यक्तींची मर्यादा आहे व त्यापेक्षा जास्त व्यक्तींसाठी आपली लेखी संमती लागते.
माझ्या वडिलांचे (वय 71) गुडघ्याचे ऑपरेशन पुण्यात होणार आहे. त्यानंतर ते व माझी आई (वय 66) 10 नोव्हेंबरपासून करार संपेपर्यंत, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत, आमच्यासोबत राहावेत यासाठी आपली संमती मिळावी, ही विनंती. ते दोघे दुसऱ्या बेडरूममध्ये राहतील. एकूण संख्या पाच होईल, त्याहून अधिक होणार नाही.
त्यांच्या राहण्यामुळे त्यांना जागेत कोणताही स्वतंत्र हक्क मिळणार नाही. करार संपल्यावर किंवा कायदेशीररीत्या रद्द झाल्यावर आम्ही सर्वजण एकत्र जागा सोडू. बाथरूममध्ये आधारासाठी दोन पकडदांडे बसवण्याचीही परवानगी द्यावी. जाताना ते काढून भिंत पूर्ववत करून देऊ. दोघांची ओळखपत्रे सोबत जोडली असून पोलिस ठाण्यातील माहिती व सोसायटीतील नोंद मी अद्ययावत करीन. करारातील बाकी सर्व अटी कायम राहतील.
संमती असल्यास खाली सही करून एक प्रत परत द्यावी.’

खाली मालकासाठी दोनच ओळी ठेवायच्या: ‘वरील विनंतीस संमती आहे. दिनांक, सही.’ प्रती दोन.

या पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ तारखेची आहे. ‘काही दिवस’ किंवा ‘बरे होईपर्यंत’ असं लिहिलं, की मालकाला शेवट दिसत नाही आणि तो घाबरतो. तारीख दिली की त्याच्यासमोर एक मर्यादित गोष्ट येते. पकडदांड्यांचा उल्लेखही मुद्दाम केलेला आहे. टाइल्सला भोकं पडणार असतील, तर ते नंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. डिपॉझिटमधून कापाकापी होते ती अशाच गोष्टींवरून. भाडं वाढवून देण्याची तयारी मात्र पहिल्या पत्रात दाखवू नये. मालकाने मागितलं तर बोलता येतं. आपणहून दाखवली, तर संमतीची किंमत ठरून जाते.

ओळखपत्रांविषयी सावध राहायला हवं. आधारचे सुरुवातीचे आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी आणि तीवर ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं लिहावं. पुण्या-मुंबईत भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश निघत असतात आणि न दिल्यास कारवाई बहुधा मालकावर होते. म्हणून नव्या दोन नावांची माहिती आपण देतो, हे आश्वासन त्याला हवंच असतं.

पत्राला उत्तरच आलं नाही, तर? मौन म्हणजे संमती, असं धरून आई-बाबांचं सामान हलवू नये. ईमेल करावा, आठवडाभराने आठवण द्यावी आणि मालक परगावी असेल तर त्याच ईमेलला ‘संमती आहे’ एवढं उत्तर मागावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरही काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ज्या पत्राला ते उत्तर आहे, ते त्याच संभाषणात पाठवलेलं असलं पाहिजे. नुसता अंगठा पाठवलेला असेल, तर तो कशाला होता, यावरून पुढे वाद होतो.

काही कुटुंबं या फंदात न पडता आई-वडिलांना ‘पाहुणे’ म्हणून आणतात. दोन-चार आठवड्यांसाठी ते खरंच पाहुणे असतात आणि सहसा कोणी हरकत घेत नाही. पण गेटवर रोजची नोंद होते, फिजिओथेरपिस्ट त्यांच्या नावाने येतो, औषधांची पार्सलं येतात. चौथ्या महिन्यात मालकाला हे सोसायटीच्या सचिवाकडून कळलं, तर मूळ गोष्ट किरकोळ असूनही लपवाछपवी मोठी ठरते. मग अटभंगाची नोटीस येते, ती नेमकी वडील वॉकर घेऊन चालायला लागलेले असताना.

मालकाने स्पष्ट नकार दिला, तर कारण विचारून घ्यावं. मुदतीची भीती असेल, तर आधी तीन महिन्यांची संमती मागता येते. सोसायटीची काळजी असेल, तर सचिवांशी आपण बोलतो असं सांगता येतं. तरीही नकारच असेल, तर कराराचा लॉक-इन कधी संपतो आणि नोटीस किती दिवसांची आहे, हे बघून दुसरं घर शोधावं लागतं. सहा महिन्यांचा लॉक-इन आणि एक महिन्याची नोटीस ही सर्रास दिसणारी जोडी आहे. आपल्या उदाहरणात लॉक-इन तसाच असेल, तर तो 30 नोव्हेंबरला संपतो. त्यामुळे नोटीस कधी दिलेली चालते, ते कराराच्या शब्दांत तपासून ऑपरेशननंतरच्या मुक्कामाची तेवढी दिवसांची सोय वेगळी लावावी लागेल.

मालक हो म्हणाला, तर त्याची सही असलेली प्रत मूळ करारासोबत एकाच फाइलमध्ये ठेवायची. एप्रिलमध्ये करार नवा होताना ही संमती आपोआप पुढे जात नाही. तेव्हा नव्या मसुद्यात आई-वडिलांची नावं आणि वयं राहणाऱ्यांच्या यादीत घालून घ्यावीत आणि चारच्या जागी पाच करून घ्यावेत. एजंट जुनाच मसुदा पुन्हा काढतात. म्हणून बायोमेट्रिकसाठी अंगठा लावण्याआधी स्क्रीनवर ते कलम उघडून आकडा बदलला आहे का, हे स्वतः पाहावं.