क्वचित घालायचं घड्याळ: चावीचं घ्यावं की ऑटोमॅटिक?

महिन्यातून चार-दोन वेळाच मनगटी घड्याळ घालणारी माणसं आता पुष्कळ आहेत. रोजची वेळ मोबाइलवर कळते. घड्याळ कपाटातून निघतं ते लग्नाला, सणाला, नाहीतर कुणाकडे जेवायला जाताना. यांतल्या कुणाला सेलवरचं नको, चांगलं यांत्रिक घड्याळ घ्यावं असं वाटलं, की दुकानदार बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच दाखवतो. 'याला चावी द्यायची कटकट नाही,' हे त्याचं पहिलं वाक्य असतं. रोज घड्याळ घालणाऱ्यासाठी ते खरंही आहे. क्वचित घालणाऱ्याच्या वाट्याला मात्र ऑटोमॅटिकमुळेच जास्त कटकट येते. कशी, ते कळायला दोन्ही घड्याळं आतून पाहावी लागतात.

आतली यंत्रणा दोन्हींत जवळपास सारखीच असते. एका चपट्या डबीत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग बसवलेली असते. ती उलगडताना दातेरी चाकं फिरतात, आणि शेवटी एक छोटं चाक मागेपुढे हेलकावे घेत त्या चाकांना एकेक दाता पुढे सोडतं. या चाकाला बॅलन्स म्हणतात. जुन्या एचएमटीत त्याचे सेकंदाला पाच ठोके पडतात, आजच्या बऱ्याच स्विस घड्याळांत आठ. आपण जी टिकटिक ऐकतो ती हीच.

फरक आहे तो स्प्रिंग कशी भरते यात. चावीच्या घड्याळात बाजूचं बटण बोटांनी फिरवायचं. स्प्रिंग पूर्ण आवळली गेली की बटण पुढे सरकत नाही. ऑटोमॅटिकमध्ये यंत्राच्या पाठीवर अर्धवर्तुळाकार जड वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि ते फिरणं चाकांमधून स्प्रिंगपर्यंत पोचतं. दिवसभर हात हलता राहिला तर स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळली जाईल, म्हणून तिचं बाहेरचं टोक पक्कं अडकवलेलं नसतं. पूर्ण भरल्यावर ते डबीच्या भिंतीवर घसरतं. ऑटोमॅटिकला हाताने कितीही चावी दिली तरी ती 'भरल्यासारखी' अडत नाही, त्याचं कारण हेच.

रोटर आणि त्याची चाकं यंत्राच्या वर आणखी एक थर चढवतात. ईटीए या स्विस कंपनीची एकाच घराण्यातली दोन यंत्रं शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं. 2801 हे चावीचं यंत्र 3.35 मिलिमीटर जाड आहे, आणि 2824 हे ऑटोमॅटिक 4.6 मिलिमीटर. सव्वा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण शर्टाच्या बंद बाहीखाली ते जाणवतं.

ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ जन्माला आलं तेही मुळात चावी टाळण्यासाठीच. जॉन हारवुड हा इंग्रज कारागीर घड्याळं दुरुस्त करायचा. चावीच्या बटणाशेजारच्या फटीतून धूळ आणि ओल आत शिरते, हे तो रोज बघत होता. हात हलला की आपोआप भरणाऱ्या घड्याळाचं स्विस पेटंट त्याला 1924 साली मिळालं. त्याच्या घड्याळाला बाहेर बटणच नव्हतं, काटे काचेभोवतीची कडी फिरवून लावायचे. ही सगळी युक्ती ज्याच्या हातावर घड्याळ रोज असतं त्याच्यासाठी होती. घड्याळ खणात पडून राहिलं, तर रोटर काय करणार?

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. सेको 5 मालिकेतलं, 7एस26 यंत्राचं घड्याळ भारतात पुष्कळांकडे आहे. दणकट आणि भरवशाचं ऑटोमॅटिक आहे ते. तारीख आणि वार दोन्ही दाखवतं, पूर्ण भरलेलं असेल तर साधारण 41 तास चालतं. मात्र त्याला हाताने चावी देताच येत नाही. समजा, रविवारी 6 तारखेला दिवसभर घालून ते रात्री दहाला काढून ठेवलं. मंगळवारी 8 तारखेला दुपारी तीनच्या सुमारास ते थांबणार. तेही रविवारी स्प्रिंग पुरती भरली असेल तर. माणूस कार्यालयात खुर्चीवर बसून दोन-तीन तासच वावरला असेल, तर ते सोमवारीच बंद पडलेलं असतं.

पुढचं लग्न शनिवारी 19 तारखेला. संध्याकाळी निघायची घाई, आणि घड्याळ मंगळवार 8, तीन वाजले असं दाखवतंय. आधी ते आडवं धरून काही वेळ डावी-उजवीकडे हलवायचं, सेकंद काटा चालू होईपर्यंत आणि त्यानंतरही थोडं. मग तारीख. इथे सावध राहायला हवं, कारण काट्यांवरचे तीन दुपारचे की पहाटेचे, ते डायल सांगत नाही. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख बदलणारी चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. त्या वेळेत बटणाने तारीख पुढे ढकलली, तर दाते वाकण्याची, तुटण्याची भीती असते. म्हणून बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून काटे पुढे न्यायचे आणि तारीख केव्हा उलटते ते बघायचं. ती उलटून 9 झाली की मध्यरात्र ओलांडली हे नक्की. आणखी पुढे सकाळच्या साडेसहापर्यंत यायचं. मग बटण पहिल्या टप्प्यावर दाबून एका बाजूला फिरवत तारीख 19 वर आणायची आणि उलट बाजूला फिरवत वार शनिवारवर. पुन्हा दुसरा टप्पा, काटे बारा तास पुढे, आणि मोबाइलमध्ये बघून वेळ जुळवली की बटण आत.

हे अवघड नाही, पण दर खेपेला एवढं करावं लागतं. शिवाय घड्याळ अर्धवट भरलेलंच हातावर चढतं. स्प्रिंगचा जोर कमी असला की बॅलन्सचे हेलकावे लहान पडतात आणि वेळ पाळण्यात फरक येऊ शकतो. रात्री टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ सकाळी बंद दिसलं, तर ते बिघडलं असं समजू नका. ते भरलंच नव्हतं.

याच शनिवारी कपाटात एचएमटी जनता असती तर? जनता चावीवर चालते, तारीख नाही, वार नाही. घड्याळ हातात घ्यायचं, मनगटावर असताना चावी द्यायची नाही, कारण तिथे बटणाच्या दांडीवर तिरका ताण येतो. अंगठा आणि तर्जनीत बटण धरून सावकाश पुढे फिरवायचं. बारीक कर्रकर्र ऐकू येते. हळूहळू बोटांना जोर लावावा लागतो, आणि एका क्षणी बटण ठाम अडतं. तिथेच थांबायचं. 'जास्त चावी दिली की घड्याळ बिघडतं' असं घराघरांत म्हणतात. पूर्ण चावीने काहीही बिघडत नाही, बिघडतं ते अडल्यावरही रेटल्याने. मग काटे जुळवायचे आणि निघायचं. मिनिटभराचं काम. स्प्रिंग पूर्ण भरलेली असल्याने मांडवात तुम्ही नुसते बसून राहिलात तरी घड्याळ दुसऱ्या दिवसापर्यंत निर्धास्त चालतं.

या दोघांच्या मधला मार्गही आहे. हल्लीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांना हातानेही चावी देता येते. सेकोचंच पुढचं 4आर36 यंत्र तसं आहे. असं घड्याळ असेल तर हलवत बसू नका. वीस-तीस वळसे द्या आणि घाला. एवढंच बघा, की चावी देताना आतला रोटर भोवऱ्यासारखा गरगर फिरायला लागला, तर त्याच्या उलटसुलट चाकांतलं तेल संपलं आहे. अशा वेळी चावी देणं थांबवून घड्याळजीकडे न्यायला हवं. टिसॉसारख्या कंपन्यांची 80 तास चालणारी ऑटोमॅटिक यंत्रंही आता मिळतात. तुमचं 'अधूनमधून' म्हणजे दर शनिवार-रविवार असेल, आणि एखाददुसरा दिवस मधेही, तर हे 80 तास खरोखर कामाला येतात. महिन्यातून दोनदा घालणाऱ्याला 41 काय आणि 80 काय, घड्याळ बंदच सापडणार.

म्हणून काही जण ऑटोमॅटिकसाठी वाइंडर घेतात. ही विजेवर घड्याळ सतत फिरवत ठेवणारी पेटी. माझ्या मते एका साध्या घड्याळासाठी तो पैसा वाया आहे. बंद घड्याळाचे दाते झिजत नाहीत, चालू घड्याळाचे झिजतात. कुणी वेळ बघत नसताना ते महिनोन्‌महिने पळवायचं कशाला? 'बंद ठेवलं की आतलं तेल गोठतं' ही धास्ती जुन्या तेलांच्या काळातली. आजची कृत्रिम तेलं काही महिने घड्याळ थांबलं म्हणून खराब होत नाहीत. जपायचं ते ओलीपासून. कोकणात पावसाळ्यात चामडी पट्ट्याला बुरशी येते, म्हणून तो काढून, पुसून वेगळा ठेवावा. सेलवरच्या घड्याळाला मात्र पडून राहणं खरंच बाधतं: संपलेला सेल आत तसाच राहिला तर झिरपून यंत्र खातो.

चावीचं घड्याळ घ्यायचं तर पुष्कळांची नजर जुन्या एचएमटीकडे जाते. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला, त्यामुळे बाजारात आता बहुतेक वापरलेलीच मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या डायल नव्याने रंगवलेल्या असतात. अगदी भडक रंग आणि जाडी-भरडी अक्षरं दिसली की समजावं. डायलपेक्षा महत्त्वाचं यंत्र आहे, आणि त्याची परीक्षा घरी घेता येते. पूर्ण चावी देऊन घड्याळ टेबलावर ठेवा, वेळ लिहून ठेवा, आणि ते किती तासांनी थांबतं ते बघा. चांगल्या स्थितीतलं घड्याळ दीड दिवस तरी चालायला हवं. ते वीस-बावीस तासांतच थांबलं, तर आत मळ साचला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच त्याची किंमत ठरवा.

रोज घड्याळ घालत असाल तर ऑटोमॅटिक घ्या, ते तुमच्यासाठीच केलेलं आहे. तुमच्याकडे ते आधीच असेल तर बदलायचीही गरज नाही, फक्त तारीख जपून लावा. पण महिन्यातून चार-दोन वेळाच घालणार असाल आणि नवं घ्यायचं असेल, तर बिनतारखेचं चावीचं घड्याळ घ्या.