शून्याचा रंग कोणता?

आयरिसच्या फुलांची एक नोंदवही संख्याशास्त्र शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हाताखालून जाते. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेली ही मापे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आपल्या लेखात वापरली आणि तेव्हापासून ती वर्गावर्गांत फिरत आहेत. तीन जातींची प्रत्येकी ५० अशी १५० फुले, आणि प्रत्येक फुलाची चार मापे: पाकळीची लांबी-रुंदी आणि पाकळ्यांच्या खाली असणाऱ्या निदलाची लांबी-रुंदी.

यातले एक माप वाढले की दुसरे वाढते का, हे सहसंबंध गुणांक सांगतो. दोन्ही अगदी सरळ रेषेत बरोबरीने वाढत असतील तर तो +१, एक वाढताना दुसरे तसेच कमी होत असेल तर -१, आणि सरळ रेषेतले काहीच नाते नसेल तर ०. चार मापांचे असे गुणांक चार ओळी आणि चार स्तंभांत मांडून प्रत्येक चौकोन आकड्यानुसार रंगवला की हीटमॅप तयार होतो. कर्णावरचे चौकोन वाचायचे नाहीत. तिथे प्रत्येक माप स्वतःशीच ताडलेले असते, त्यामुळे उत्तर कायम १. कर्णाच्या वरचा भाग म्हणजे खालच्याचेच प्रतिबिंब. सोळा चौकोनांपैकी खरे वाचायचे फक्त सहा.

त्या सहांत पाकळीची लांबी आणि रुंदी यांचा गुणांक ०.९६ आहे, म्हणजे नाते फार घट्ट. निदलाची रुंदी आणि पाकळीची लांबी यांचा -०.४३. निदलाची लांबी आणि रुंदी यांचा अवघा -०.१२, जवळजवळ काहीच नाही. आता यांना रंग द्यायचा. ऋण आकड्यांना निळा, धन आकड्यांना लाल आणि मधल्याला फिकट राखाडी, ही पद्धत रास्त आहे. घोटाळा होतो तो ‘मधला’ कोण, हे ठरवताना.

पायथॉनमधल्या सीबॉर्नसारख्या साधनाला तुम्ही टोके सांगितली नाहीत, तर ते तक्त्यातला सर्वांत लहान आकडा एका टोकाला आणि सर्वांत मोठा दुसऱ्या टोकाला ठेवते. मोठा आकडा कर्णामुळे नेहमीच १. लहान आकडा इथे -०.४३. त्यामुळे फिकट राखाडी रंग शून्याला न मिळता ०.२९च्या आसपास पडतो. -०.४३चा मध्यम संबंध सर्वांत गडद निळा होतो, म्हणजे १ या आकड्याच्या लालइतकाच ठसठशीत. आणि ते क्षुल्लक -०.१२? पट्टी नीट असती तर जो निळा -०.५७ला मिळाला असता, तो त्याच्या वाट्याला येतो. पाहणारा म्हणणार, निदल लांब तितके अरुंद! आकडे बरोबर, चित्र खोटे. उपाय मात्र एका ओळीचा आहे (इथे `t` म्हणजे मापांचा तक्ता):

```python
sns.heatmap(t.corr(), cmap="coolwarm",
            vmin=-1, vmax=1, annot=True)
```

`vmin` आणि `vmax` यांनी टोके पक्की होतात आणि शून्य आपोआप मधोमध येते. दोन हीटमॅप शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर ही टोके हवीतच, नाहीतर एकच लाल दोन चित्रांत दोन वेगळे आकडे सांगतो.

इंद्रधनुषी पट्टीचा मोह वेगळाच. `jet` नावाच्या पट्टीत -१ ते १ मांडले, तर सर्वांत उजळ निळसर आणि पिवळे पट्टे ±०.२५च्या जवळ येतात आणि टोकाचे निळे-लाल काळपट होतात. म्हणजे डोळा आधी कमकुवत संबंधांकडे जातो, आणि जिथे आकडा सलग बदलतो तिथेही सीमारेषा असल्याचा भास होतो. मॅटप्लॉटलिबने २०१७ सालच्या २.० आवृत्तीत `jet`ला मूळ पट्टीच्या जागेवरून हटवले ते याच तक्रारींमुळे. लाल-हिरवी जोडीही टाळावी. युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. लाल-निळ्या जोडीचाही एक दोष आहेच. काळ्या-पांढऱ्या छपाईत दोन्ही टोके सारखीच करडी होतात आणि चिन्ह हरवते. म्हणून `annot=True` लिहून चौकोनात आकडा छापावा. ज्या हीटमॅपशेजारी रंगपट्टीच नाही, तो माझ्या मते वाचूच नये.

पट्टी सुधारली की -०.१२चा चौकोन जवळजवळ रंगहीन होतो, आणि ‘इथे नाते नाही’ असे म्हणण्याची घाई होते. पण तिन्ही जाती वेगळ्या करून तोच गुणांक काढला, तर सेटोसात ०.७४, व्हर्सिकलरमध्ये ०.५३ आणि व्हर्जिनिकात ०.४६ येतो, तिन्ही धन. सेटोसाची निदले इतर दोन जातींपेक्षा आखूड पण रुंद असतात. सगळी फुले एकत्र केली की हा जातीजातींतला फरक प्रत्येक जातीतले नाते झाकून टाकतो. हे कोणत्याही रंगपट्टीतून दिसणार नाही. त्यासाठी दोन्ही मापांचे ठिपके आलेखावर मांडून, जातीप्रमाणे वेगळे रंगवूनच पाहावे लागतात.